शेअरचा एजंट २५ टक्के मागतो, तो नेमका कशाचे?



माझं चिंचवडमध्ये स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. झेरॉक्सच्या काउंटरवर माणसं काय काय कागद घेऊन येतात, त्यावर एक वेगळी सिरीज होईल. गेल्या दिवाळीनंतर एक काका आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं शेअर सर्टिफिकेट. १९९८ सालचं, ‘टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी लिमिटेड’, म्हणजे आपली टेल्को. १० रुपये दर्शनी किमतीचे ५० शेअर. म्हणाले, "तीन प्रती काढ. एजंटला द्यायच्या आहेत."

मी विचारलं, "कसला एजंट, काका?" तर म्हणाले, "तो कंपनीत योग्य माणूस गाठून देतो. आलेल्या रकमेच्या २५ टक्के घेणार. आपल्याला कुठे माहितीये कोणाला लिहायचं!"

माझा मुद्दा याच वाक्यावर आहे. शेअर काकांचे, सर्टिफिकेट काकांकडे, सही काकांची, आणि काका स्वतः समोर उभे. एजंट विकत होता तो फक्त एक पत्ता. लिस्टेड कंपनीने हा पत्ता जाहीर करायचाच असतो, तसा कायदा आहे. जी माहिती एक्स्चेंजच्या पानावर फुकट आहे, तिच्यासाठी मालकाने चौथा हिस्सा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र पत्ता शोधायची एक पद्धत आहे. ती चुकली की दोन-तीन महिने जातात आणि माणूस कंटाळून परत एजंटकडेच जातो.

मी स्वतः हे भोगलंय. वडिलांच्या नावावर एका कंपनीचे थोडे शेअर होते (कंपनीचं नाव राहू दे). मी हुशारी करून कस्टमर केअरला मेल टाकला. तिकीट नंबर आला, मग ‘तुमच्या प्रॉडक्टचा सिरीयल नंबर द्या’ असं उत्तर आलं. दोन महिने असे गेले. चूक माझी होती. कस्टमर केअर ही गिऱ्हाइकाची खिडकी, आणि वडील होते भागधारक, म्हणजे कंपनीचे छोटे मालक. मालकाची खिडकी वेगळी असते.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

पहिला माणूस म्हणजे रजिस्ट्रार. कागदोपत्री नाव ‘रजिस्ट्रार अँड शेअर ट्रान्सफर एजंट’, बोलताना सगळे आरटीए म्हणतात. ही बहुतेक वेळा बाहेरची संस्था असते आणि भागधारकांची वही तीच सांभाळते. तुमचा फोलिओ, नोंदवलेला पत्ता, नमुना सही, न घेतलेला डिव्हिडंड हे सगळं तिच्याकडे. म्हणून ‘माझ्या नावावर काय आहे?’ हा प्रश्न आधी रजिस्ट्रारला.

दुसरा माणूस कंपनीच्या आतला, कंपनी सेक्रेटरी. सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांत नियम ६ असं सांगतो की प्रत्येक लिस्टेड कंपनीने पात्रताधारक कंपनी सेक्रेटरीलाच कम्प्लायन्स ऑफिसर नेमायचं. म्हणजे लोक ज्यांना दोन वेगळे साहेब समजतात, ती एकच खुर्ची असते. गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठी कंपनीने एक खास ईमेल ठेवायचा आणि त्यावर लक्ष ठेवायचं, ही जबाबदारी याच खुर्चीची. रजिस्ट्रार उत्तर देत नसेल, किंवा प्रश्न वहीचा नसून कंपनीच्या निर्णयाचा असेल (विलीनीकरण, विभाजन, सभेचं इतिवृत्त), तर पत्र इथे जातं.

तिसरा माणूस लागेलच असं नाही. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही, तर ते शेअर केंद्र सरकारच्या आयईपीएफ निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवायच्या कामासाठी कंपनीला एक नोडल ऑफिसर नेमावा लागतो आणि त्याची माहिती वेबसाइटवर द्यावी लागते. शेअर निधीकडे गेलेत असं रजिस्ट्रारने सांगितलं, तरच याच्याकडे जायचं.

आता काकांचं सर्टिफिकेट घेऊ

सर्टिफिकेटवर कंपनीचा आणि रजिस्ट्रारचा पत्ता छापलेला असतो. लोक पहिलं पत्र तिथेच टाकतात. तो पत्ता छापला त्या दिवशी बरोबर होता, आज असेलच असं नाही. म्हणून पहिला प्रश्न पत्त्याचा नाही. सर्टिफिकेटवरची कंपनी आज कोणत्या नावाने जिवंत आहे, हा पहिला प्रश्न.

इथे काकांच्या केसमध्ये एक मोठा खड्डा होता. टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, हे चिंचवडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीचं विभाजन झालं. ट्रक-बसचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला, आणि त्या नव्या कंपनीला ‘टाटा मोटर्स लिमिटेड’ हे नाव मिळालं. जी मूळ जुनी कंपनी होती, म्हणजे काकांच्या सर्टिफिकेटवरची टेल्को, तिचं नाव आज ‘टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स लिमिटेड’ आहे. म्हणजे आज कोणी ‘टाटा मोटर्स’ शोधून पहिल्या पानावरचा पत्ता उचलला, तर तो पोचेल २०२४ साली नोंदलेल्या कंपनीकडे. आणि काकांचं सर्टिफिकेट तर १९९८ चं!

हे ओळखायचं कसं? प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा एक नंबर असतो, त्याला CIN म्हणतात. जुन्या कंपनीचा टाटा मोटर्स या नावाने वर्षानुवर्षं वापरलेला CIN असा:

```
L28920MH1945PLC004520
```

पहिलं L म्हणजे लिस्टेड. MH म्हणजे महाराष्ट्र. 1945 हे कंपनी नोंदल्याचं साल. शेवटचे सहा अंक म्हणजे नोंदणी क्रमांक. नाव बदललं की पाटी बदलते, पण 1945 आणि 004520 ही ओळख तशीच राहते. नव्या कंपनीच्या CIN मध्ये सालाच्या जागी 2024 दिसेल. जुन्या सर्टिफिकेटवर CIN छापलेला नसतो, म्हणून कंपनीचा अलीकडचा अहवाल किंवा लेटरहेड पाहायचं. लेटरहेडवर CIN देणं कंपनी कायद्याने सक्तीचं आहे. माझा साधा नियम असा: CIN मधलं साल तुमच्या सर्टिफिकेटच्या सालानंतरचं असेल, तर तिथेच थांबा. तुम्ही बहुतेक वारसाच्या किंवा भावंडाच्या दारात उभे आहात.

एक्स्चेंजवर हा फरक चिन्हातूनही दिसतो. जुनी कंपनी TMPV या चिन्हाने आहे, नवी TMCV. बीएसईवर जुन्या कंपनीचा कोड 500570 हाच कायम राहिला.

पत्ता कुठून घ्यायचा

काकांना समोर बसवून मी bseindia.com उघडलं आणि कोड टाकला. कंपनीच्या पानावर कॉर्पोरेट माहितीचा भाग असतो. त्यात नोंदणीकृत कार्यालय, अधिकारी आणि रजिस्ट्रार असे तिन्ही सापडतात. मी सुरुवात एक्स्चेंजपासून करतो, कारण रजिस्ट्रार नेमला किंवा काढला, कम्प्लायन्स ऑफिसर बदलला, की कंपनीला ते एक्स्चेंजला कळवावंच लागतं. त्याच पानावरच्या घोषणांमध्ये गेल्या वर्षभरातलं चाळून घ्या. अधिकाऱ्याने राजीनामा दिला असेल तर तिथे दिसतो. नवा माणूस नेमायला कंपनीला तीन महिने मिळतात. म्हणून पत्रात नाव सापडलं तरी पदही लिहा: ‘कंपनी सेक्रेटरी व कम्प्लायन्स ऑफिसर’. माणूस सोडून गेला तरी पदाच्या नावाचं पत्र आत पोचतं.

दुसरी जागा कंपनीचा वार्षिक अहवाल. चारशे पानं बघून घाबरू नका. ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ अहवालाच्या शेवटी शेअरहोल्डरसाठी सर्वसाधारण माहिती देणारा भाग असतो. त्यात रजिस्ट्रार आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असतो. त्याच अहवालात भागधारकांच्या समितीखाली कम्प्लायन्स ऑफिसरचं नाव आणि वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती राहिल्या, हेही असतं. तो आकडा जरूर पाहा. आपल्याला किती वेळ लागणार, याचा थोडा अंदाज येतो.

तिसरी जागा कंपनीची वेबसाइट. तक्रार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा संपर्क आणि तो खास ईमेल तिथे द्यायलाच हवा, असं नियम ४६ सांगतो. तो होमपेजवर शोधू नका. ‘इन्व्हेस्टर्स’ विभागात, बऱ्याचदा अगदी तळाला असतो. माझी तक्रार आहे ती इथेच. नियम पाळला जातो, पण साठ-सत्तर वर्षांच्या माणसाला सापडेल असा नाही, आणि एजंटचा धंदा त्या चार-पाच क्लिकच्या अंतरावर चालतो.

तिन्ही ठिकाणी रजिस्ट्रारचं नाव एकच आलं पाहिजे. जुळलं नाही, तर तारखेने सगळ्यात नवीन कागद धरायचा. रजिस्ट्रारची नावंही बदलतात. टाटांच्या कंपन्यांच्या जुन्या कागदांवर ‘टीएसआर दराशॉ’ दिसतं. पुढे ते टीएसआर कन्सल्टंट्स झालं, २०२३ च्या अखेरीस लिंक इनटाइममध्ये विलीन झालं, आणि लिंक इनटाइमचं नाव आता एमयूएफजी इनटाइम इंडिया आहे. काकांकडच्या एका जुन्या अहवालावर यातलं पहिलं नाव होतं. ते म्हणाले, "ही कंपनी बंद पडली वाटतं." बंद नाही काका, फक्त पाटी बदलली.

गुगलवर ‘अमुक कंपनी शेअर हेल्पलाइन’ टाकून आलेल्या मोबाइल नंबरवर मात्र फोन करू नका. खऱ्या रजिस्ट्रारकडे सेबीचा नोंदणी क्रमांक असतो, तो INR ने सुरू होतो, आणि सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत रजिस्ट्रारची यादी आहे. नाव त्या यादीत नाही, किंवा मेल जीमेलवरून आलाय आणि ‘फाइल चार्ज’ मागतोय, तर विषय संपला. आणि यादीत नाव असलं तरी डोळे उघडे ठेवा. २०१६ च्या मार्चमध्ये सेबीने शेअरप्रो सर्व्हिसेस या नोंदणीकृत रजिस्ट्रारला बाजारातून बाहेर काढलं. भागधारकांचे शेअर आणि न घेतलेले डिव्हिडंड दुसरीकडे वळवल्याचा ठपका होता. वर्षानुवर्षं झोपलेल्या फोलिओला कोणी विचारणारं नसतं, हे आपल्याआधी चोराला कळतं. म्हणून रजिस्ट्रारला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची प्रत कम्प्लायन्स ऑफिसरला जायलाच हवी.

पत्र कसं लिहिलं

काकांचं पत्र एका पानाचं होतं. ‘प्रति’ मध्ये रजिस्ट्रार, खाली ‘प्रत माहितीसाठी’ कंपनी सेक्रेटरी व कम्प्लायन्स ऑफिसर. विषयाच्या ओळीत कंपनीचं आजचं नाव, पुढे ‘पूर्वीची टेल्को’, आणि फोलिओ नंबर. मग सर्टिफिकेट नंबर, डिस्टिंक्टिव्ह नंबर कुठपासून कुठपर्यंत, आणि सर्टिफिकेटवर जसं छापलंय तसं नाव, स्पेलिंगच्या चुकीसकट. आपण चूक सुधारून लिहिली की रजिस्ट्रारच्या संगणकात नाव जुळत नाही.

त्यानंतर फक्त तीन प्रश्न, नंबर टाकून.

एक, या फोलिओवर आज किती शेअर आहेत? आम्ही आमचा हिशोब आधी करून ठेवला होता. २०११ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, म्हणजे ५० चे २५०. विभाजनात प्रत्येक शेअरला नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला, म्हणजे तिकडेही २५०. त्या नव्या शेअरांचं काय केलं, कोणत्या खात्यात ठेवले, हे त्याच प्रश्नात विचारलं. हा हिशोब आपल्याकडे असला की उत्तर अर्धवट आलंय का, ते लगेच कळतं. एजंटला फक्त एकाच कंपनीचे शेअर सापडले असते, तर काकांना दुसरे २५० आहेत हे कळलंही नसतं.

दोन, न घेतलेला डिव्हिडंड कोणकोणत्या वर्षांचा, आणि यातलं काही आयईपीएफकडे वर्ग झालंय का?

तीन, फोलिओ अद्ययावत करायला नेमके कोणते फॉर्म आणि कागद हवेत?

सोबत सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि पॅनची प्रत, दोन्हीवर काकांची सही. मूळ सर्टिफिकेट पाठवायचं नाही. चौकशीला ते लागत नाही. पत्र स्पीड पोस्टने गेलं, पावती फाइलला लागली, आणि तेच पत्र स्कॅन करून दोन्ही ईमेलवर टाकलं.

उत्तर आलं, आणि काका नाराज झाले

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. शेअरची संख्या त्यात नव्हती. ‘आधी केवायसी पूर्ण करा’ एवढंच, आणि फॉर्मची यादी. काका म्हणाले, "बघ, एजंट म्हणत होता ना, सरळ कोणी उत्तर देत नाही!"

हा नकार नाही, मंडळी. फोलिओवर पॅन, पत्ता, मोबाइल, बँक खातं आणि नमुना सही नसेल, तर रजिस्ट्रारने कोणतंही काम पुढे न्यायचं नाही, असा सेबीचाच नियम आहे. फोलिओची माहिती कोणालाही मेलवर दिली असती, तर उद्या एजंटनेच काकांच्या नावाने मागून घेतली असती. म्हणून हे उत्तर म्हणजे दार बरोबर सापडल्याची खूण आहे.

फॉर्म तीन. ISR-1 मध्ये पॅन, पत्ता, बँक. ISR-2 मध्ये सही, आणि ती तुमच्या बँकेच्या अधिकाऱ्याने शिक्क्यासह प्रमाणित करायची. SH-13 नॉमिनीसाठी. रखडतं ते ISR-2 वर. वीस-पंचवीस वर्षांत सही बदललेली असते आणि बँकेत ‘हा फॉर्म आम्ही ओळखत नाही’ असं ऐकायला मिळतं. काकांना मी त्यांच्या पेन्शनच्या शाखेत पाठवलं, कारण तिथे दर वर्षी त्यांची सही घेतली जाते. दुसऱ्या फेरीत काम झालं. नाव छापलेला कॅन्सल चेक सोबत जोडला.

फॉर्म पोचल्यावर संख्येसह उत्तर आलं, आणि दोन्ही कंपन्यांचा हिशोब आमच्या हिशोबाशी जुळला. डिमॅटचं काम अजून चालू आहे. खर्च किती? स्पीड पोस्ट दोन वेळा, झेरॉक्स (तीही माझ्याच दुकानातली), आणि बँकेच्या दोन फेऱ्या.

उत्तरच आलं नसतं तर? लिस्टेड कंपनीने तक्रार २१ दिवसांत निकाली काढायची असते. म्हणून २१ दिवस मोजायचे, मग ‘तक्रार’ असा विषय टाकून थेट कम्प्लायन्स ऑफिसरला लिहायचं, पहिल्या पत्राची पावती जोडून. तरीही काही नाही, तर scores.sebi.gov.in वर सेबीकडे. तिथे पहिला प्रश्नच असतो की तुम्ही कंपनीला आधी कळवलं का. ती स्पीड पोस्टाची पावती तिथे कामाला येते.

मग पैसे कधी द्यायचे?

मी सगळ्या मदतनिसांच्या विरोधात नाही. मूळ धारक वारलेत आणि वारसांमध्ये एकमत नाही, सर्टिफिकेट हरवलंय, नावात मोठा फरक आहे, किंवा शेअर आयईपीएफकडे गेलेत, अशा वेळी जाणकार लागतो. पण तेव्हा प्रॅक्टिस करणाऱ्या कंपनी सेक्रेटरीकडे जा आणि कामाची ठरावीक फी विचारा. शेअरच्या किमतीवर टक्केवारी कशाला? ५० शेअर असोत की ५०००, फॉर्म तेच आणि पोस्टाचं तिकीटही जवळपास तेवढंच. आणि कोणाला काम दिलं तरी पहिलं चौकशीचं पत्र स्वतः लिहा. आपल्याकडे किती आहे हे कळल्याशिवाय टक्केवारीवर सही करणं म्हणजे माल न मोजता गोडाऊनची किल्ली देणं.

काका परवा परत आले होते. पिशवीत अजून एक सर्टिफिकेट, वहिनींच्या नावावरचं, दुसऱ्याच कंपनीचं. यावेळी त्यांनी स्वतःच विचारलं, "आधी CIN बघायचा ना रे?"

घरात जुनं सर्टिफिकेट असेल तर आज कपाटातून काढा, कंपनीचं आजचं नाव शोधा, आणि अडलं तर कमेंटमध्ये विचारा. फक्त फोलिओ नंबर आणि पॅन कमेंटमध्ये टाकू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत.